आकड्यांची बाराखडी

एका मोठ्या ग्रंथसंग्रहातली पुस्तकं स्कॅन करून त्यांचे परिच्छेद सुटे केले आहेत, असं समजू. एकूण परिच्छेद दहा कोटी. वाचकाने शोधाच्या चौकटीत ‘दुष्काळात गाव सोडून गेलेली माणसं’ असं लिहिलं. एका परिच्छेदात ‘दुष्काळ’ हा शब्दच नाही. त्यात फक्त विहिरी आटल्याचं आणि बिऱ्हाड बैलगाडीत चढल्याचं वर्णन आहे. शब्द जुळवून शोधणाऱ्या यंत्राला तो परिच्छेद सापडणार नाही, पण वाचकाला हवा आहे नेमका तोच.

म्हणून हल्ली प्रत्येक परिच्छेद आधी भाषेच्या एका मॉडेलमधून काढतात. त्यातून आकड्यांची एक लांब यादी मिळते. तिला व्हेक्टर म्हणतात, आणि मजकुराचा अर्थ टिपणारा व्हेक्टर म्हणजे एम्बेडिंग. ७६८ आकड्यांची यादी ही यातली एक नेहमीची लांबी आहे. अर्थाने जवळ असलेल्या दोन परिच्छेदांच्या याद्याही एकमेकींच्या जवळ पडतात, अशा रीतीने मॉडेल शिकवलेलं असतं. वाचकाच्या प्रश्नाचीही तशीच यादी करायची आणि दहा कोटी याद्यांमधून तिच्या सर्वांत जवळच्या दहा शोधायच्या, एवढंच मग उरतं.

हे ‘एवढंच’ कुठे अडतं ते आकडेमोड केली की कळतं. एक आकडा साठवायला ४ बाइट लागतात. ७६८ आकड्यांना ३,०७२ बाइट, आणि दहा कोटी याद्यांना सुमारे ३०७ जीबी. साध्या लॅपटॉपची रॅम असते ८ किंवा १६ जीबी. याद्या डिस्कवर ठेवल्या तर जागा मिळते, पण सगळ्यांशी तुलना करायची म्हणजे प्रत्येक प्रश्नाला ३०७ जीबी वाचावे लागणार. सेकंदाला ३ जीबी वाचणारी चांगली डिस्क असली तरी नुसत्या वाचनातच शंभरेक सेकंद जातात. उत्तर पापणी लवायच्या आत हवं असेल, तर याद्या रॅममध्येच राहायला हव्यात आणि त्यासाठी त्या आक्रसायला हव्यात.

पहिला विचार सुचतो तो प्रत्येक आकडा थोडा ओबडधोबड करण्याचा. चार बाइटांऐवजी एका बाइटात बसवला तर ३०७ जीबीचे ७७ होतात. तेही जास्तच. अजून पुढे जाऊन प्रत्येक आकड्याचं फक्त चिन्ह ठेवलं, म्हणजे तो शून्याच्या वर आहे की खाली एवढीच एका बिटाची नोंद केली, तर यादी ९६ बाइटांत मावते आणि सगळा संग्रह ९.६ जीबीत. आकार जमला, पण ०.०१ आणि ०.९ यांच्यातला फरकच पुसला गेला.

प्रॉडक्ट क्वांटायझेशन ही पद्धत तेवढेच ९६ बाइट घेते, पण ते फार वेगळ्या तऱ्हेने खर्च करते. फ्रान्समधल्या इन्रिया या संशोधन संस्थेतल्या एर्वे जेगू, माथिस दूझ आणि कॉर्डेलिया श्मिड यांनी जानेवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ती जवळचे व्हेक्टर शोधण्यासाठी मांडली. त्यांच्यासमोर मजकूर नव्हता, छायाचित्रं होती. छायाचित्रातल्या छोट्या छोट्या तुकड्यांचं वर्णन करणारे, १२८ आकड्यांचे ‘सिफ्ट’ नावाचे व्हेक्टर त्या काळी सर्रास वापरात होते. एकेका छायाचित्रातून असे शेकडो-हजारो व्हेक्टर निघत, त्यामुळे रॅम अपुरी पडण्याची अडचण त्यांच्याकडे आपल्या आधी येऊन पोचली होती.

मूळ कल्पना प्रतिनिधी नेमण्याची आहे. हजारो व्हेक्टरांचे गट पाडायचे, प्रत्येक गटाच्या मधोमध एक नमुना-व्हेक्टर ठेवायचा, आणि खऱ्या व्हेक्टरऐवजी फक्त त्याच्या नमुन्याचा क्रमांक लिहून ठेवायचा. नमुन्यांच्या या वहीला कोडबुक म्हणतात. वहीत २५६ नमुने असले तर क्रमांक एका बाइटात मावतो. पण दहा कोटी परिच्छेदांना २५६ नमुने म्हणजे सरासरी चार लाख परिच्छेदांना एकच क्रमांक. असला शोध काय कामाचा? नमुने पुष्कळ हवेत. इन्रियाच्या प्रयोगांत एका व्हेक्टरला बहुधा ८ बाइट, म्हणजे ६४ बिट दिलेले होते. एकाच वहीने तेवढी बारकाई साधायची तर तिच्यात १८ वर अठरा शून्यं इतके नमुने लागतील. ते शिकवायला जगात तेवढे व्हेक्टर नाहीत आणि साठवायला तेवढी मेमरी नाही.

इथे मला आपली बाराखडी आठवते. शाळेत जाणारं मूल ‘कि’, ‘खू’, ‘मो’ अशी चारशेहून अधिक चिन्हं सुटी सुटी पाठ करत नाही. ते चौतीस व्यंजनं शिकतं आणि त्यांना लागणारी बारा रूपं शिकतं. शेहेचाळीस गोष्टी लक्षात ठेवल्या की चौतीस गुणिले बारा, म्हणजे ४०८ अक्षरं हाती येतात. पाठ करताना बेरीज, वापरताना गुणाकार. पद्धतीच्या नावातला ‘प्रॉडक्ट’ हा शब्द याच गुणाकाराचा आहे. ७६८ आकड्यांची यादी प्रत्येकी आठ आकड्यांच्या ९६ तुकड्यांत कापायची. प्रत्येक तुकड्यासाठी २५६ नमुन्यांची वेगळी छोटी वही करायची. प्रत्येक तुकडा आपापल्या वहीतला जवळचा नमुना निवडतो आणि त्याचा एक बाइटाचा क्रमांक लिहून ठेवतो. ९६ तुकड्यांचे ९६ बाइट. शिकायचे नमुने फक्त ९६ गुणिले २५६, पण त्यांच्या जुळणीतून होणारे पूर्ण व्हेक्टर २५६ ला २५६ ने शहाण्णव वेळा गुणत जावं इतके. या सगळ्या वह्या मिळून ०.८ एमबीसुद्धा भरत नाहीत. परिच्छेद दहा कोटी असोत की शंभर कोटी, वह्या तेवढ्याच राहतात.

चिन्हवाल्या पद्धतीशी इथे तुलना करून पाहावी. तिनेही आठ आकड्यांना आठ बिट दिले होते आणि तिथेही २५६ शक्यता होत्या. पण त्या ठरलेल्या होत्या, आठ आकड्यांच्या धन-ऋण जोड्यांच्या. खऱ्या व्हेक्टरांत त्यातल्या कित्येक जोड्या क्वचितच येत असतील आणि एखाद्याच जोडीत प्रचंड गर्दी असेल. वहीतले २५६ नमुने मात्र खऱ्या तुकड्यांकडे बघून ठरतात. के-मीन्स नावाची रीत आधी कुठलेही २५६ बिंदू घेते, प्रत्येक तुकडा जवळच्या बिंदूला जोडते, मग प्रत्येक बिंदू आपल्या गटाच्या सरासरीवर सरकवते, आणि हे पुन्हा पुन्हा करते. गर्दी असते तिथे नमुने दाट होतात, ओसाड जागी विरळ.

आता एक गणित हाताने करू. आकडे लहान घेतो, म्हणजे कागदावर ताडून बघता येईल.

आपला व्हेक्टर चार आकड्यांचा आहे: (९, १, २, ८). त्याचे दोन तुकडे: (९, १) आणि (२, ८). डाव्या वहीत चार नमुने आहेत: ० क्रमांकाला (२, २), १ ला (८, २), २ ला (२, ८), ३ ला (८, ८). उजव्या वहीत ० ला (१, ९), १ ला (५, ५), २ ला (९, १), ३ ला (९, ९). डाव्या तुकड्याला जवळचा नमुना (८, २), म्हणून क्रमांक १. उजव्याला जवळचा (१, ९), म्हणून क्रमांक ०. व्हेक्टर पुसून टाकायचा आणि ‘१, ०’ एवढंच ठेवायचं. याला पहिला परिच्छेद म्हणू. दुसऱ्या परिच्छेदाचा व्हेक्टर (८, ४, ६, ६). त्याचे नमुने निघतात (८, २) आणि (५, ५), म्हणून नोंद ‘१, १’.

प्रश्न येतो: (७, ३, ४, ७). या प्रश्नाला आक्रसायचं नाही, हे महत्त्वाचं. तो मूळ रूपातच ठेवायचा. प्रश्नाचा डावा तुकडा (७, ३) डाव्या वहीतल्या चारही नमुन्यांपासून किती लांब आहे ते मोजायचं. आकड्यांमधल्या फरकांचे वर्ग करून बेरीज केली की अंतरं येतात २६, २, ५०, २६. उजवा तुकडा (४, ७) घेऊन उजव्या वहीशी तेच केलं की १३, ५, ६१, २९. ही दोन ओळींची तक्ती तयार झाली की पुढे कुठल्याही परिच्छेदासाठी वजाबाकी किंवा वर्ग करायची गरज नाही. पहिल्या परिच्छेदाची नोंद ‘१, ०’. डाव्या ओळीतला १ क्रमांकाचा आकडा २, उजव्या ओळीतला ० क्रमांकाचा १३. अंतर १५. दुसऱ्याची नोंद ‘१, १’, म्हणून २ आणि ५, अंतर ७. मूळ व्हेक्टर घेऊन ताडलं तर पहिल्याचं खरं अंतर १३ आहे आणि दुसऱ्याचं बरोबर ७. अंदाज थोडे इकडेतिकडे झाले, क्रम मात्र बरोबर लागला.

मला या पद्धतीतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच तक्ती वाटते. ७६८ आकड्यांच्या खऱ्या उदाहरणात ती ९६ ओळींची आणि प्रत्येक ओळीत २५६ आकड्यांची होते. ती भरायला लागणारी मेहनत २५६ पूर्ण व्हेक्टरांशी अंतर मोजण्याइतकी आहे, आणि ती प्रत्येक प्रश्नाला एकदाच. त्यानंतर दहा कोटींपैकी प्रत्येक परिच्छेदाला ९६ वेळा तक्तीत बघायचं आणि बेरीज करायची. नोंदीतून मूळ व्हेक्टर उलगडावासुद्धा लागत नाही. प्रश्नही आक्रसून दोन नोंदींमधलं अंतर मोजता आलं असतं. इन्रियाच्या त्रयीने दोन्ही करून पाहिलं. प्रश्न मूळ रूपात ठेवल्याने काम जवळजवळ तेवढंच पडतं आणि चूक फक्त एका बाजूला होते, म्हणून तीच रीत रूढ झाली.

तरीही दहा कोटी गुणिले ९६ म्हणजे ९६० कोटी बेरजा, एका प्रश्नासाठी. म्हणून आधी संग्रहाचे ढोबळ कप्पे पाडतात. समजा ६५,५३६ कप्पे पाडले. प्रत्येक कप्प्याला एक मध्यबिंदू असतो, आणि प्रश्नाच्या जवळचे काही मोजके कप्पेच उघडायचे. शिवाय परिच्छेदाचा व्हेक्टर जसाच्या तसा न नोंदवता मध्यबिंदूपासून तो किती सरकला आहे तेवढाच फरक नोंदवतात. फरक लहान असतात आणि एकमेकांसारखे असतात, त्यामुळे त्याच २५६ नमुन्यांत जास्त बारकाई साधते.

जेगू आणि दूझ पुढे फेसबुकच्या संशोधन विभागात गेले. तिथून २०१७ मध्ये खुल्या झालेल्या ‘फाइस’ या संग्रहात ही सगळी यंत्रणा आज तीन ओळींत उभी राहते:

```
index = faiss.index_factory(768, "OPQ96,IVF65536,PQ96")
index.train(xt)
index.add(xb)
```

यातल्या `IVF65536` म्हणजे कप्पे आणि `PQ96` म्हणजे ९६ तुकडे. `xt` हे शिकवण्यासाठी घेतलेले नमुन्यादाखलचे व्हेक्टर, `xb` हा सगळा संग्रह. नोंदींचे ९.६ जीबी, प्रत्येक परिच्छेदाच्या ओळख-क्रमांकाचे आणखी ८ बाइट म्हणजे ०.८ जीबी, कप्प्यांच्या मध्यबिंदूंचे सुमारे ०.२ जीबी. सगळं मिळून ११ जीबीच्या आत. ३०७ जीबीचा संग्रह १६ जीबीच्या यंत्रात बसला.

उरला तो `OPQ`. त्यामागे एक चूक आहे, आणि ती कुणाकडूनही होऊ शकते. यादी कापायची म्हटल्यावर आपण सहज पहिले आठ आकडे, मग पुढचे आठ असे कापत जातो. २०११ च्याच निबंधात ‘जिस्ट’ नावाच्या, संपूर्ण छायाचित्राचं वर्णन करणाऱ्या ९६० आकड्यांच्या व्हेक्टरांवर प्रयोग आहे. आकडे होते त्या क्रमाने कापले तेव्हा खरा जवळचा शेजारी पहिल्या शंभरांत येण्याचं प्रमाण जेमतेम एक तृतीयांश होतं. एकमेकांशी संबंधित आकडे एका तुकड्यात येतील असा क्रम लावल्यावर तेच प्रमाण दोन तृतीयांशाच्या आसपास गेलं. बाइट तितकेच, वह्या तितक्याच, फक्त काप बदलला. कारण साधं आहे. जे आकडे एकत्र वरखाली होतात ते एकाच वहीत असले तर त्यांचं नातं नमुन्यातच उतरतं. ते वेगवेगळ्या वह्यांत विखुरले तर तेच नातं दोन्हीकडे पुन्हा पुन्हा नोंदवण्यात बिट वाया जातात. दुसरी अडचण अशी की काही तुकड्यांत फार चढउतार असतात आणि काही जवळजवळ सपाट असतात. दोघांनाही सारखेच २५६ नमुने दिले की सपाट तुकडा चैन करतो आणि चढउताराचा तुकडा उपाशी राहतो.

छायाचित्रांच्या त्या जुन्या व्हेक्टरांत कुठला आकडा कशाबद्दल आहे हे माणसाला माहीत होतं. एम्बेडिंगमधल्या चारशेव्या आकड्याचा अर्थ कुणीच सांगू शकत नाही, त्यामुळे हाताने क्रम लावता येत नाही. २०१३ मध्ये यावर उपाय सुचवला गेला: कापण्याआधी सगळे व्हेक्टर अवकाशात एकसारखे फिरवून घ्यायचे. फिरवल्याने दोन व्हेक्टरांमधलं अंतर बदलत नाही, पण कुठली माहिती कुठल्या तुकड्यात पडते ते बदलतं. कोणत्या कोनातून फिरवलं की नमुन्यांची चूक कमीत कमी होईल, ते संगणक व्हेक्टरांवरूनच शोधतो. वरच्या ओळीतलं `OPQ96` ते हेच.

वह्या कशावर शिकवल्या यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. फाइसमध्ये एका नमुन्यामागे ३९ पेक्षा कमी व्हेक्टर दिले तर पडद्यावर इशारा येतो. २५६ नमुन्यांच्या वहीला किमान ९,९८४, आणि ६५,५३६ कप्प्यांना सुमारे साडेपंचवीस लाख व्हेक्टर. हा इशारा लोक सहसा वाचतात. ज्या चुकीचा इशारा येत नाही ती जास्त घातक आहे. संग्रहाच्या सुरुवातीचे तीस लाख व्हेक्टर शिकवायला घेतले, आणि संग्रह विषयवार लावलेला असल्यामुळे ते सगळे कायद्याच्या पुस्तकांतले निघाले, असं समजा. वह्यांमध्ये कायद्याचे बारीकसारीक भेद उत्तम उतरतील आणि कवितांचे हजारो परिच्छेद मोजक्या नमुन्यांत कोंबले जातील. कुठेही बिघाड दिसणार नाही. कायद्याचे प्रश्न झकास चालतील, कवितेच्या प्रश्नांना काहीतरी असंबद्ध येईल, आणि दोष भाषेच्या मॉडेलवर ढकलला जाईल. म्हणून शिकवायचे व्हेक्टर संपूर्ण संग्रहातून सरमिसळ करून उचलावेत, आणि नव्या प्रकारची पुस्तकं मोठ्या संख्येने आली की नोंदीतून उलगडलेला व्हेक्टर आणि मूळ व्हेक्टर यांच्यातली चूक त्या पुस्तकांपुरती वेगळी मोजावी. ती जुन्या पुस्तकांपेक्षा बरीच वाढली असेल तर वह्या पुन्हा शिकवायची वेळ झाली.

अंतरांच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. प्रत्येक नमुना हा त्याच्या गटाची सरासरी असतो, त्यामुळे गटाचा आतला पसारा मोजणीतून गळतो आणि अंदाजी अंतर सरासरीने खऱ्यापेक्षा कमी भरतं. जवळचे दहा निवडताना याने फारसं बिघडत नाही. पण कुणी ‘अंतर अमुकपेक्षा कमी असेल तर दोन परिच्छेद एकमेकांची नक्कल समजा’ असा नियम मूळ व्हेक्टरांवर बेतला असेल, तर तोच आकडा आक्रसलेल्या संग्रहावर लावल्यास भलतेच परिच्छेद नक्कल ठरतील. ती सीमारेषा नव्याने ठरवावी लागते.

आता आपल्या कागदावरच्या उदाहरणात तिसरा परिच्छेद आणू: (९, ४, ७, ४). डाव्या वहीत त्याला जवळचा नमुना (८, २), उजव्या वहीत (५, ५). म्हणजे नोंद ‘१, १’, दुसऱ्या परिच्छेदाची होती तीच. तक्ती म्हणते अंतर ७. खरं अंतर आहे २३. पहिला परिच्छेद खऱ्या अर्थाने १३ वर असूनही तक्तीच्या हिशेबात १५ वर, म्हणजे या तिसऱ्याच्या मागे गेला. दोघांची अदलाबदल झाली, आणि नोंदींकडे कितीही वेळ बघत बसलं तरी ती कळणार नाही, कारण जो फरक होता तो पुसून झालेला आहे.

यावर रूढ उपाय असा की हवे असतील दहा, तर नोंदींवरून शंभर काढायचे. त्या शंभरांचे मूळ व्हेक्टर डिस्कवरून आणायचे, खरी अंतरं मोजायची आणि क्रम नव्याने लावायचा. शंभर व्हेक्टर म्हणजे जेमतेम ३०० केबी. डिस्कला एवढं वाचायला क्षणही लागत नाही. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरूच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांचा सहभाग असलेली ‘डिस्कएएनएन’ ही २०१९ ची रचना याच विभागणीवर उभी आहे. आक्रसलेल्या नोंदी रॅममध्ये, मूळ व्हेक्टर आणि कोण कुणाचा शेजारी याचं जाळं डिस्कवर. तिने शंभर कोटी व्हेक्टरांचा शोध ६४ जीबी रॅमच्या एका यंत्रावर चालवून दाखवला. आपल्या कागदावर हाच उपाय केला तर तिसऱ्या परिच्छेदाचं २३ उघडं पडतं आणि पहिला परिच्छेद त्याच्या पुढे येतो.

पण हा उपाय पहिल्या शंभरांत पोचलेल्यांनाच वाचवतो. विहिरी आटल्याचा तो परिच्छेद नोंदींच्या हिशेबात एकशे चाळिसाव्या जागी गेला असेल, तर डिस्कवरचा त्याचा मूळ व्हेक्टर कुणी उघडणारच नाही. तो तिथे गेला आहे की नाही हे कळायला एकच मार्ग आहे. हजारभर खरे प्रश्न घ्यायचे. एका रात्री वेळ देऊन संपूर्ण ३०७ जीबी वाचून त्यांची अचूक उत्तरं काढून ठेवायची. मग आक्रसलेल्या संग्रहाला तेच प्रश्न विचारून, अचूक दहांपैकी किती जण त्याच्या पहिल्या शंभरांत आहेत ते मोजायचं. कमी भरले तर आधी जास्त कप्पे उघडून बघायचं, त्यासाठी `nprobe` हा आकडा वाढवायचा. आकडा वाढवूनही उत्तरं सुधारत नसतील तर हरवलेले परिच्छेद न उघडलेल्या कप्प्यांत नाहीत, नमुन्यांच्या ओबडधोबडपणात हरवले आहेत. मग ९६ ऐवजी १९२ तुकडे करावे लागतात, आणि ११ जीबीऐवजी २० जीबीची तयारी ठेवावी लागते.